बोलावं केव्हा: क्वेकरांच्या मौनाचा मागोवा

मौनासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या क्वेकर पंथाची सुरुवात तीन तास चाललेल्या एका भाषणाने झाली. दिवस होता 13 जून 1652, रविवारचा. इंग्लंडच्या उत्तर भागात सेडबर्ग गावाजवळ फर्बँक फेल नावाच्या उघड्या डोंगरमाळावर एक लहानसं चॅपल होतं. सकाळी तिथे फ्रान्सिस हाउगिल आणि जॉन ऑडलँड या दोन लोकप्रिय उपदेशकांची प्रवचनं झाली. दुपारी जॉर्ज फॉक्स नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण चॅपलच्या जवळच्या खडकावर जाऊन बसला आणि माणसं जमल्यावर बोलू लागला. पुढे लिहवून घेतलेल्या आठवणींत त्याने श्रोत्यांची संख्या हजारावर सांगितली आहे. चर्च सोडून माणूस माळावर उपदेश करतो, हे काही म्हाताऱ्यांना इतकं विचित्र वाटलं, की ते चॅपलच्या खिडकीतूनच पाहत राहिले. त्यांना फॉक्सचं उत्तर होतं, की त्या इमारतीची जमीन या माळापेक्षा जास्त पवित्र नाही.

भाषणाचा गाभा एका वाक्यात मावतो. ख्रिस्त आपल्या लोकांना शिकवायला स्वतः आलेला आहे. हे मान्य केलं, की पुढचं सगळं ओघाने येतं. गुरू समोर असताना त्याच्या वतीने बोलणारा पगारी माणूस कशाला? आणि गुरूच बोलणार असेल, तर बाकीच्यांनी काय करायचं? गप्प बसून ऐकायचं. पाळक नसणं आणि मौन पाळणं या क्वेकरांच्या दोन वेगळ्या प्रथा नाहीत. एकाच दाव्याच्या त्या दोन बाजू आहेत. तो दावा कुठून आला, त्याची किंमत कोणी मोजली आणि तो कुठे अडखळला, याचा हा मागोवा.

वाट पाहणारी माणसं

फॉक्सने मौन शोधून काढलं नाही. त्या माळावर जमलेल्यांपैकी बरेचजण आधीपासूनच मौनात बसत होते. त्यांना ‘सीकर्स’, म्हणजे शोधणारे, म्हणत. त्यांचं मौन समजून घ्यायला आधीची दहा वर्षं पाहावी लागतात. 1642 मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली. 1645 मध्ये पार्लमेंटने चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकावर बंदी घातली, 1646 मध्ये बिशपांची पदं रद्द केली आणि 1649 च्या जानेवारीत राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. ज्या रचनेच्या आधाराने देवाचं नाव घेतलं जात होतं, ती रचनाच कोसळली. मात्र गावच्या चर्चमधला पाळक राहिला, आणि त्याच्या पोटासाठी शेतकऱ्याच्या उत्पन्नातून कायद्याने वसूल होणारा दशांशही राहिला.

सीकर्सनी या उलथापालथीतून एक कठोर निष्कर्ष काढला. प्रेषितांच्या काळातलं खरं चर्च केव्हाच हरवलं आहे. म्हणून आज बाप्तिस्मा देण्याचा, प्रभुभोजन वाढण्याचा अधिकार कोणाकडेच उरलेला नाही. देव नवे प्रेषित पाठवील तोवर एकत्र बसावं, शास्त्र वाचावं, प्रार्थना करावी आणि वाट पाहावी. त्यांचं मौन हे उणिवेचं मौन होतं. बोलण्याचा अधिकार असलेला माणूस जवळ नाही, म्हणून ते गप्प होते.

फॉक्सने हे मौन तसंच ठेवलं आणि त्याचा अर्थ मात्र उलटा केला. ज्याची तुम्ही वाट पाहता तो आलेला आहे आणि तुमच्या आतच बोलतो आहे. तुम्ही गप्प राहा ते त्याचं ऐकू यावं म्हणून. त्या उन्हाळ्यात हाउगिल आणि ऑडलँड यांच्यासकट वेस्टमोरलंडमधल्या सीकर्सचे गटच्या गट त्याच्याबरोबर गेले. क्वेकर पंथ उभा राहिला तो या तयार मौनावर.

फॉक्सचा पाळकांशी झगडा

फॉक्सच्या मनात पाळकांविषयी इतका राग का होता, हे त्याच्या तरुणपणात दिसतं. तो 1624 मध्ये लेस्टरशायरमधल्या ड्रेटन गावी एका विणकराच्या घरी जन्मला आणि चांभारकाम करणाऱ्या एका मालकाकडे उमेदवारीला राहिला. एकोणिसाव्या वर्षी, 1643 मध्ये, त्याने घर सोडलं. मन बेचैन होतं, देवाविषयी विचारायचं होतं, म्हणून तो एकामागून एक पाळक गाठत गेला. एकाने तंबाखू ओढ आणि स्तोत्रं गा असा सल्ला दिला. दुसऱ्याशी बागेत बोलताना फॉक्सचा पाय फुलांच्या वाफ्यावर पडला आणि तो पाळक घराला आग लागल्यासारखा भडकला. तिसऱ्याला वाटलं, की याचं रक्त काढलं म्हणजे बरं वाटेल. पण फॉक्स इतका सुकलेला होता, की रक्तच निघेना.

यातून 1646 च्या सुमारास त्याला एक गोष्ट पटली. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला शिकल्याने कोणी ख्रिस्ताचा सेवक होत नाही. आज हे वाक्य सौम्य वाटतं. त्या काळी त्याने गावच्या सर्वांत सुशिक्षित माणसाच्या उपजीविकेचा पायाच काढून घेतला. पुढल्या वर्षी, सगळ्या माणसांवरची आशा संपल्यावर, फॉक्सला आतून एक आवाज ऐकू आला: तुझ्या अवस्थेशी बोलू शकेल असा एकच आहे, आणि तो येशू ख्रिस्त आहे. पुढचं सगळं त्याने या अनुभवावर बेतलं. शास्त्र त्याला तोंडपाठ होतं आणि ते तो मानत होता. पण ते ज्या आत्म्याने लिहिलं गेलं, तो आत्मा वाचणाऱ्यात नसेल तर ती नुसती अक्षरं आहेत, असं त्याचं म्हणणं होतं.

1652 मध्येच अल्व्हरस्टनच्या चर्चमध्ये त्याने हाच मुद्दा भर उपासनेत प्रश्न म्हणून मांडला. ख्रिस्त असं म्हणाला आणि प्रेषित तसं म्हणाले हे तुम्ही सांगाल, पण तुम्ही स्वतः काय सांगू शकता? समोर न्यायाधीश थॉमस फेल यांची पत्नी मार्गारेट फेल बसली होती. ती आसनावरून उठून उभी राहिली आणि पुन्हा खाली बसून रडली. आपण सगळे चोर आहोत, शास्त्रातले शब्द उचलले आणि आत काहीच ओळखलं नाही, असं तिला वाटलं. तिचं स्वार्थमूर हॉल हे घर पुढे या चळवळीचं केंद्र झालं. स्त्रियांनी सभेत बोलणं शास्त्रसंमत आहे हे सांगणारी पुस्तिका तिने 1666 मध्ये लिहिली. ख्रिस्ताचा आतला प्रकाश प्रत्येकात असेल, तर तो स्त्रीत नाही असं म्हणायला जागाच उरत नाही. विधवा झाल्यावर, 1669 मध्ये, तिने फॉक्सशी लग्न केलं.

‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे नाव त्यांना विरोधकांनी दिलं. 1650 मध्ये डर्बीला ईश्वरनिंदेच्या खटल्यात फॉक्सने न्यायाधीशालाच देवाच्या वचनापुढे थरथरायला सांगितलं, तेव्हा जर्व्हेस बेनेट या न्यायाधीशाने चिडून हा शब्द वापरला. ते स्वतःला ‘फ्रेंड्स’, म्हणजे मित्र, म्हणवतात.

प्रकाश म्हणजे काय

या प्रकाशाचं मूळ योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, नवव्या ओवीत आहे. जगात येणाऱ्या प्रत्येक माणसाला उजेड देणाऱ्या खऱ्या प्रकाशाचा तिथे उल्लेख येतो. फॉक्सने यातल्या ‘प्रत्येक’ या शब्दावर बोट ठेवलं. त्या काळी इंग्लंडच्या पाळकांवर कॅल्व्हिनच्या विचाराची पकड होती. देवाने काहींना तारणासाठी निवडलं आहे आणि बाकीच्यांना नाही, असं ती शिकवण सांगे. फॉक्सने प्रकाश सर्वांना दिला.

मराठी वाचक इथे सहज आत्मज्योतीशी नातं जोडील, पण सुरुवातीच्या क्वेकरांनी ते मान्य केलं नसतं. त्यांच्या लेखी हा प्रकाश माणसाच्या स्वभावाचा भाग नव्हता. तो ख्रिस्ताचा होता, बाहेरून आत आलेला होता, आणि माणूस त्याच्याकडे पाठ फिरवून जन्म काढू शकत होता. या पंथाचा सर्वांत शिस्तबद्ध विचारवंत रॉबर्ट बार्कले हा स्कॉटिश विद्वान. त्याचं ‘अपॉलॉजी’ हे पुस्तक 1676 मध्ये लॅटिनमध्ये आणि 1678 मध्ये इंग्रजीत आलं. प्रकाश आणि सदसद्विवेक यांतला फरक त्याने कंदिलाच्या दृष्टान्ताने सांगितला. विवेक हा कंदील आहे आणि प्रकाश ही त्यातली ज्योत. कंदिलाची काच काजळलेली असेल, तर तो चुकीचं दाखवील. ज्योत नसेल, तर काहीच दाखवणार नाही. संस्काराने बिघडलेला विवेक माणसाला निर्धास्तपणे पाप करू देतो, म्हणून निव्वळ विवेकावर भरवसा ठेवू नये, असं बार्कले बजावतो.

दुसरा गैरसमज म्हणजे हा प्रकाश मनाला शांत, सुखद वाटतो. फॉक्सच्या अनुभवात प्रकाशाचं पहिलं काम उघडं पाडण्याचं आहे. तो आधी तुम्हाला तुमचं वागणं दाखवतो: खोटं वजन, वाकडा शब्द, लपवलेला द्वेष. ऑलिव्हर क्रॉमवेलची मुलगी एलिझाबेथ क्लेपोल आजारी आणि खचलेली असताना फॉक्सने तिला 1658 मध्ये पत्र लिहिलं. स्वतःच्या विचारांपासून मन थंड आणि स्थिर कर, असं त्यात सांगितलं. पापाकडे किंवा मोहाकडे टक लावून बसू नकोस, कारण मग तू त्यातच बुडशील. ज्या प्रकाशामुळे ते दिसलं त्या प्रकाशाकडे पाहा, मग त्याच्यावर मात करण्याची ताकद तिथूनच मिळेल. क्वेकरांच्या मौनात माणसाने काय करायचं असतं, याचं इतकं नेमकं वर्णन क्वचित सापडेल. मंत्र नाही, श्वासावर लक्ष नाही, मन रिकामं करण्याचा हट्टही नाही. आपले बेत बाजूला ठेवायचे आणि काय दाखवलं जातं ते पाहायचं.

प्रकाश प्रत्येकात आहे याचा आणखी एक परिणाम झाला. ख्रिस्ताचं नावही न ऐकलेला माणूस त्या प्रकाशाला अनुसरला, तर तो वाचू शकतो, असं बार्कलेने ठाम लिहिलं. आधार म्हणून त्याने एका निर्जन बेटावर वाढून एकट्याच्या विचाराने देवापर्यंत पोहोचलेल्या हय्य इब्न यक्झानची अरबी कथाही दिली. मेरी फिशर ही मोलकरीण म्हणून काम केलेली क्वेकर स्त्री 1658 मध्ये एकटी चालत एड्रियानोपलला तुर्की सुलतान चौथ्या मेहमदला भेटायला गेली, ती याच भरवशावर. तिच्याकडे जे होतं ते सुलतानाच्या आतही आहे, असं तिला वाटत होतं.

प्रकाश चुकला तर?

प्रत्येकाच्या आत देव बोलत असेल, तर कोणाच्याही मनात आलेलं काहीही देवाचं ठरू शकतं. हा धोका फार लवकर खरा झाला. जेम्स नेलर हा त्या काळचा फॉक्सच्या तोडीचा क्वेकर उपदेशक होता. 1656 च्या ऑक्टोबरमध्ये तो भर पावसात घोड्यावरून ब्रिस्टल शहरात शिरला. पुढे मागे काही अनुयायी ‘पवित्र, पवित्र’ असं गात होते. येशूच्या यरुशलेमप्रवेशाची ती उघड नक्कल होती. आपण ख्रिस्त नाही, सर्वांच्या आत असलेल्या ख्रिस्ताची ही खूण आहे, असं नेलर म्हणाला. पार्लमेंटने स्वतः खटला चालवला. देहदंडाचा प्रस्ताव 96 विरुद्ध 82 मतांनी पडला. मग त्याला फटके मारले, तापलेल्या सळईने जीभ भोसकली आणि कपाळावर ईश्वरनिंदकाचा डाग दिला. तीन वर्षांनी सुटल्यावर त्याने पश्चात्ताप व्यक्त केला, फॉक्सशी समेट केला आणि 1660 मध्ये घरी जाताना वाटेत लुटला जाऊन तो वारला.

क्वेकरांनी या घटनेतून एक धडा घेतला. प्रकाश एकट्याने पाहायचा असला, तरी तपासायचा सगळ्यांनी मिळून. फॉक्सने 1660 च्या दशकात मासिक सभांचं जाळं विणलं. एखाद्याला आतून काही सांगितलं गेल्यासारखं वाटलं, तर ते त्याने सभेपुढे ठेवायचं आणि बाकीचे त्यांच्या मौनात ते तपासून पाहणार. ही व्यवस्था सर्वांना पटली नाही. जॉन पेरट याने प्रार्थनेच्या वेळी टोपी काढण्यालाही विरोध केला आणि पुढे ठरलेल्या वेळी सभा भरवणं हीसुद्धा माणसांनी केलेली रीतच आहे, असं सांगितलं. त्याचं म्हणणं मान्य केलं असतं, तर क्वेकर हा पंथ आज कोणाला आठवला नसता. किमान एक गोष्ट ठरलेली हवी, की आपण एकत्र बसतो कधी.

याच काळात छळही वाढत होता. 1664 च्या कायद्याने घरच्यांखेरीज पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी चर्चच्या पद्धतीबाहेर उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरलं. क्वेकरांनी लपून सभा भरवायला नकार दिला. इथे पाळक नसण्याचा अनपेक्षित उपयोग झाला. इतर पंथांचा पाळक पकडला, की उपासना थांबे. क्वेकरांचं कोणीही उचललं, तरी उरलेले बसून राहत. 1682 मध्ये ब्रिस्टलमधले जवळजवळ सगळे प्रौढ क्वेकर तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या मुलांनी सभा चालू ठेवली आणि त्यासाठी मार खाल्ला. ज्या उपासनेला पुस्तक, वेदी, पाळक यांपैकी काहीच लागत नाही, ती मुलांनाही चालवता येते. 1689 च्या कायद्याने त्यांना अखेर उपासनेचं स्वातंत्र्य मिळालं.

दोन माणसं आणि अठ्ठ्याऐंशी वर्षं

सभेने तपासणं या व्यवस्थेचं बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या प्रश्नात दिसतात. पेन्सिल्वेनिया आणि न्यू जर्सीतल्या अनेक सुखवस्तू क्वेकरांकडे गुलाम होते. 1688 मध्ये जर्मनटाउनच्या चार क्वेकरांनी लिहून विचारलं, की माणसं विकत घेणं हे आपल्याला कसं शोभतं? त्यांचा कागद मासिक सभेने तिमाही सभेकडे आणि तिमाही सभेने वार्षिक सभेकडे पाठवला. वार्षिक सभेने प्रश्न फार जड आहे म्हणून तो बाजूला ठेवला.

त्यानंतर बेंजामिन ले आला. चार फुटांच्या आसपास उंचीचा हा माणूस गुलामगिरीवर इतका संतापलेला होता, की त्याला शांत बसणं अशक्य झालं. 1738 मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो लष्करी अंगरखा आणि तलवार लपवून गेला. गुलाम ठेवणारा माणसाचं काळीज भोसकतो असं म्हणत त्याने पोकळ पुस्तकात दडवलेल्या लाल रसाच्या पिशवीवर वार केला आणि शेजारच्यांवर लाल शिंतोडे उडाले. त्याला उचलून बाहेर टाकण्यात आलं, आणि सभेनेही त्याला आपला म्हणणं सोडलं. नेलरसारख्यांना आवरण्यासाठी उभी राहिलेली चाळणी इथे खऱ्या माणसाला अडवत होती. सभेत बसलेल्या वजनदार माणसांच्या घरी गुलाम असतील, तर त्यांच्या मौनात त्यांचा स्वार्थही येऊन बसतो. बार्कलेने सांगितलेली काजळी एकट्या माणसाच्याच काचेवर धरते असं नाही, सबंध सभेच्या काचेवरही धरते.

जॉन वुलमन याने दुसरी वाट घेतली. 1720 मध्ये न्यू जर्सीत जन्मलेला हा शिंपी तरुणपणी एका दुकानात काम करत होता. मालकाने एक गुलाम स्त्री विकली आणि वुलमनला तिचं विक्रीपत्र लिहायला सांगितलं. विकत घेणारा वयस्कर क्वेकर होता. वुलमनच्या मनाला टोचत होतं, तरी त्याने कागद लिहिला. मात्र गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, हे दोघांसमोर बोलून दाखवलं. नंतर पुन्हा तसं काम आलं, तेव्हा त्याने नकार दिला. पुढची कितीतरी वर्षं तो क्वेकरांच्या घरोघर गेला. गुलाम असलेल्या घरात पाहुणा म्हणून राहिला, तर त्यांनी केलेल्या कामाचे पैसे तो त्या गुलामांना देई. तो ओरडला नाही, पण कोणाला सोडलंही नाही. आपल्याला जे टोचलं तेच समोरच्याच्या आतही टोचत असणार, या खात्रीने तो त्याच्यासमोर बसे.

1758 च्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत पुन्हा टाळाटाळ सुरू झाली. पुष्कळांचं म्हणणं होतं, की देव मार्ग दाखवील तोवर थांबू. वुलमन उठून बोलला, की गुलामांचा आक्रोश देवाच्या कानी गेला आहे; आता आपण उशीर केला, तर देव वेगळ्या, भयंकर रीतीने उत्तर देईल. सभेत मतदान झालं नाही, क्वेकरांकडे ते होतच नाही. पण सभेचा कल फिरला. गुलाम ठेवणाऱ्यांना जाऊन भेटायला माणसं नेमली गेली, आणि गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कारभारातून दूर ठेवायचं ठरलं. त्या निर्णयाची बातमी म्हाताऱ्या लेपर्यंत पोहोचली. दुसऱ्या वर्षी तो वारला. 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम ठेवणाऱ्यांना पंथातच न ठेवण्याचा नियम केला. आणि लेला अबिंग्टनच्या सभेने पुन्हा आपला मानायला एकविसावं शतक उजाडलं.

1688 ते 1776 ही अठ्ठ्याऐंशी वर्षं होतात. इतर पंथांच्या मानाने क्वेकर फार पुढे होते, हे खरं आहे. पण गुलामीत जन्मून गुलामीतच मेलेल्यांच्या पिढ्या या ‘थांबू’ने खाल्ल्या, हेही तितकंच खरं आहे.

आजची सभा

आज ब्रिटनमधल्या किंवा अमेरिकेतल्या मौनी सभेत गेलात, तर काय दिसतं? साध्या खोलीत खुर्च्या गोलाकार किंवा चौकोनात मांडलेल्या असतात, मध्ये टेबलावर बायबल आणि पंथाचं मार्गदर्शनाचं पुस्तक. पहिला माणूस येऊन बसला, की उपासना सुरू झाली. साधारण तासभर चालते. कोणाला आतून बोलावंसं वाटलं, तर तो उभा राहतो, थोडक्यात बोलतो आणि बसतो. त्यावर कोणी लगेच बोलत नाही, उत्तर तर देतच नाही. शब्द आत उतरायला वेळ देतात. काही सभा शेवटपर्यंत निःशब्द राहतात. शेवटी वडीलधारी दोन माणसं हस्तांदोलन करतात, मग शेजारी शेजाऱ्याचा हात हातात घेतो आणि उपासना संपते.

उभं राहण्याआधी माणसाने स्वतःला विचारायचं असतं. हे सांगणं माझ्यासाठीच आहे, की इथल्या सगळ्यांसाठी? ते आत्ताच सांगायचं आहे, की मला आणखी थांबावं लागेल? आपल्या हुशारीतून आलं आहे, की आपल्याला नकोसं असूनही ते सोडत नाही? अनुभवी क्वेकर शेवटच्या प्रश्नाला फार मोल देतात. सभा बिघडते तेव्हा ते ओळखूही येतं. एकामागून एक माणसं उठू लागतात, एकाच्या बोलण्यावर दुसरा मत देतो, सकाळी वाचलेलं वर्तमानपत्र कोणीतरी मांडतो. मग सभा संपल्यावर वडीलधारी व्यक्ती त्या माणसाशी खाजगीत, प्रेमाने पण स्पष्ट बोलते.

कारभाराच्या सभेतही हेच चालतं. तिथे एक कारकून असतो, ‘क्लार्क’. तो अध्यक्षासारखा निर्णय देत नाही. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल कुठे आहे, हे तो तिथेच कागदावर उतरवतो आणि वाचून दाखवतो. सभेला तो मजकूर पटला तरच निर्णय. लग्नही याच पद्धतीने लागतं. वधूवर मौनातच उभं राहून एकमेकांना वचन देतात आणि हजर असलेले सगळे दाखल्यावर सह्या करतात. लग्न लावणारा कोणी नसतो. क्वेकर म्हणतात, की आम्ही पाळक रद्द केले नाहीत, आम्ही पाळक नसलेला वर्ग रद्द केला.

हे म्हणणं सगळ्या काळांना लागू नाही. अठराव्या शतकात मान्यता मिळालेल्या वक्त्यांची नोंद होत असे आणि ते पुढच्या बाकांवर सभेकडे तोंड करून बसत. लंडनच्या वार्षिक सभेने अशी नोंद 1924 मध्ये थांबवली. 1827 मध्ये अमेरिकेत पंथ फुटला, तो प्रकाश मोठा की शास्त्र, याच प्रश्नावर. एलियास हिक्सच्या बाजूचे आतल्या प्रकाशाकडे झुकले, दुसरे बायबलकडे. 1870 च्या दशकापासून अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या अनेक क्वेकर सभांनी पाळक नेमले, स्तोत्रं गायला सुरुवात केली, प्रवचनं ऐकली. याच शाखेचे मिशनरी 1902 मध्ये केनियातल्या काइमोसीला गेले. आज जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत, आणि त्यांच्या रविवारच्या उपासनेत पाळक असतो, गाणी असतात. ज्या मौनासाठी हा पंथ ओळखला जातो, ते आज पंथाच्या एका भागाचंच वैशिष्ट्य आहे.

प्रकाशाचा अर्थही बदलला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन विचारवंत रूफस जोन्स याने त्याला माणसातच असलेला दैवी अंश मानलं. आज ब्रिटनच्या सभांत ख्रिस्ताचं नाव न घेणारे, काही तर देवही न मानणारे क्वेकर बसतात. प्रकाश म्हणजे त्यांच्या लेखी आतला खरेपणा. बार्कलेला हे पटलं नसतं. पण त्यानेच ‘प्रत्येक’ हा शब्द इतका ताणला होता, की ही वाट उघडणारच होती. महाराष्ट्रात या वाटेवरची एक मोठी स्त्री राहून गेली. मार्जरी साइक्स ही क्वेकर शिक्षिका शांतिनिकेतनातून सेवाग्रामला आली आणि तिथे तिने नई तालीमचं काम केलं. गांधीजींच्या कामात तिला आपल्या पंथाशी काही विसंगत दिसलं नाही.

ब्रिटनमधल्या क्वेकर सभेत कोणीही पाहुणा जाऊन बसू शकतो. लंडनमध्ये असाल, तर यूस्टन रोडवरच्या फ्रेंड्स हाऊसमध्ये जरूर जा. पण तिथल्या शांततेने मन किती निवलं, यावरून त्या उपासनेचं मोल ठरवू नका. त्या तासात तुम्हाला स्वतःविषयी नकोसं वाटणारं काही दिसलं का, आणि ते दिसल्यावर तुम्ही कोणता कागद लिहायला नकार दिला, हे पाहा. वुलमनने त्याच मापाने मोजलं होतं, आणि आजवर क्वेकरांना त्याहून चांगलं माप सापडलेलं नाही.